हप्ते थकले की वसुली एजंट कुठपर्यंत जाऊ शकतो?

प्रश्न: बँकेकडून घेतलेल्या वैयक्तिक कर्जाचे माझे पाच हप्ते थकले आहेत. नोकरी गेली होती, आता दुसरी लागली आहे, पण पगार कमी आहे. एजंट दिवसातून दहा-बारा फोन करतो. फॉर्ममध्ये 'रेफरन्स' म्हणून मेव्हण्याचं नाव दिलं होतं, त्यालाही फोन करून सगळं सांगितलं. परवा दोघे घरी आले आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत पूर्ण रक्कम भरा, नाहीतर सामान उचलू आणि पोलीस घेऊन येऊ. ते खरंच असं करू शकतात का? मी काय करावं?

उत्तर:

सामान उचलता येणार नाही, आणि हप्ते थकले म्हणून पोलीस तुम्हाला नेणार नाहीत. आधी हे मनात पक्कं करा, म्हणजे आज रात्री झोप लागेल. मात्र कर्ज आहे, ते थकलं आहे आणि ते मागण्याचा बँकेला पूर्ण हक्क आहे. एजंटच्या वागण्याविरुद्ध तक्रार केल्यानं देणं एका रुपयानंही कमी होत नाही. या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या तरच पुढचं नीट करता येतं. मी सुरुवातीची काही वर्षं वसुलीच्या बाजूनं काम केलं आणि त्यानंतर बरीच वर्षं कर्जदारांच्या बाजूनं वकिली करतो आहे. लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे झालेलं मी पाहिलं आहे. कोणी घाबरून दागिने मोडून चुकीच्या खात्यात पैसे भरतो, तर कोणी 'हे छळतात, म्हणून मी देणारच नाही' असं म्हणून कोर्टाच्या नोटिशीही उघडत नाही.

तुमचं कर्ज विनातारण आहे. घर, गाडी, सोनं असं काहीही तुम्ही त्यापोटी गहाण ठेवलेलं नाही. त्यामुळे तुमच्या घरातल्या कुठल्याच वस्तूवर बँकेचा थेट हक्क नाही. टीव्ही, फ्रिज, दुचाकी यांपैकी काहीही न्यायचं असेल तर बँकेला आधी दिवाणी दावा किंवा लवादाची कारवाई करावी लागते, हुकूमनामा किंवा निवाडा मिळवावा लागतो आणि मग तो बजावण्यासाठी पुन्हा कोर्टात अर्ज द्यावा लागतो. त्यानंतर दारात येतो तो कोर्टाचा बेलिफ, हातात जप्तीचं वॉरंट घेऊन. तेव्हाही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची अवजारं जप्त करता येत नाहीत. तुमच्या दारात आलेल्या त्या दोघांकडे यातलं काहीच नव्हतं. ते बँकेचा निरोप आणणारे लोक आहेत. तुमच्या परवानगीशिवाय त्यांना उंबरठा ओलांडता येत नाही, आणि 'बाहेर थांबा' असं सांगितल्यावरही ते आत शिरले तर तो फौजदारी अतिक्रमणाचा गुन्हा होतो. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम 329 आहे.

पोलिसांचंही तसंच. कर्ज न फेडता येणं हा दिवाणी विषय आहे. कर्ज घेतानाच खोटी कागदपत्रं दिली असतील तर गोष्ट वेगळी, पण नोकरी गेली म्हणून हप्ता चुकला यात गुन्हा नाही. एक अपवाद मात्र नीट समजून घ्या, कारण एजंट याच अपवादाचा आधार घेऊन घाबरवतात. कर्ज घेताना दिलेला चेक वटला नाही तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली खटला होऊ शकतो. खात्यातून आपोआप हप्ता कापला जाण्याची जी परवानगी तुम्ही दिलेली असते, ती रकमेअभावी परत गेली तर 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली तशीच कारवाई होते. त्यालाही क्रम आहे. चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत बँकेनं लेखी नोटीस पाठवायची, ती मिळाल्यापासून 15 दिवसांत तुम्हाला रक्कम भरायची संधी मिळते, आणि तरीही भरली नाही तरच कोर्टात तक्रार होते. मग समन्स येतं. समन्स घेऊनही तुम्ही तारखेला गेला नाहीत, तर कोर्ट वॉरंट काढू शकतं आणि तेव्हा पोलीस खरोखर येतात. म्हणून एजंटच्या व्हॉट्सॲपवर आलेल्या 'वॉरंट'ला भिऊ नका, पण पोस्टानं किंवा पोलीस ठाण्यामार्फत आलेलं समन्स एक दिवसही पडून राहू देऊ नका. लोक अदालतीची नोटीसही अनेकदा अटकेचा कागद म्हणून दाखवली जाते. खटला दाखल होण्यापूर्वीची अशी नोटीस म्हणजे तडजोडीचं निमंत्रण असतं. गेलात तर बोलणी होतील, नाही गेलात तर ती लोक अदालत तुमच्याविरुद्ध हुकूम देऊ शकत नाही.

आता एजंटला काय करता येतं ते बघू. तो फोन करू शकतो, मेसेज पाठवू शकतो, घरी येऊन थकबाकी मागू शकतो, कधी भरणार असं विचारू शकतो, न भरल्यास बँक कोणती कायदेशीर पावलं उचलेल हे खरं-खरं सांगू शकतो. बँक तुमची थकबाकी क्रेडिट ब्युरोला कळवू शकते, संपूर्ण कर्ज एकदम परत मागू शकते, दावा लावू शकते. त्याच बँकेत तुमचं बचत खातं असेल तर त्यातली शिल्लक कर्जात वळती करण्याचा हक्कही बँका वापरतात, म्हणून नव्या नोकरीचा पगार कुठल्या खात्यात जमा होणार याचा विचार आजच करा. हे सगळं त्रासदायक वाटलं तरी बेकायदा नाही.

रेषा कुठे ओलांडली जाते, हे रिझर्व्ह बँकेनं बरंच स्पष्ट केलं आहे. एप्रिल 2008 मध्ये बँकांच्या वसुली एजंटांसाठी सविस्तर सूचना आल्या आणि 12 ऑगस्ट 2022 ला त्या आणखी कडक करण्यात आल्या. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही. बचत गटासारख्या छोट्या सूक्ष्म-कर्जांसाठी ही वेळ याहून कमी, सकाळी 9 ते संध्याकाळी 6 अशी आहे. सतत फोन करत राहायचं नाही, निनावी किंवा धमकीचे फोन करायचे नाहीत, मोबाइलवर किंवा समाजमाध्यमांवर अशोभनीय संदेश पाठवायचे नाहीत. चारचौघांत अपमान करायचा नाही. खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती द्यायची नाही. आणि तुमच्या प्रश्नाशी थेट जुळणारी गोष्ट म्हणजे कर्जदाराचे कुटुंबीय, मित्र आणि रेफरन्स म्हणून दिलेली माणसं यांच्या खासगी आयुष्यात घुसायचं नाही, असं त्यात स्वतंत्रपणे म्हटलं आहे.

'सतत' म्हणजे दिवसाला किती फोन, याचा आकडा 2022 च्या त्या परिपत्रकात नाही. व्यवहारात मी असं बघतो: एकदा तुमच्याशी बोलणं झालं, तुम्ही तारीख दिली, आणि तरी त्याच दिवशी तोच माणूस आणखी सहा-सात वेळा फोन करतो, तर त्यामागे माहिती मिळवण्याचा हेतू उरलेला नाही. ते जेरीस आणणं आहे. तुम्ही फोन उचलतच नसाल तर मात्र बँक म्हणते, 'ग्राहक संपर्कातच नव्हता, म्हणून पुन्हा पुन्हा करावा लागला', आणि तक्रारीची धार जाते. म्हणून फोन बंद ठेवू नका. एक ईमेल करा, त्यात सोयीची वेळ कळवा, जसं 'रोज संध्याकाळी 6 ते 6.30 या वेळेत या नंबरवर मी बोलू शकेन', आणि त्या वेळेत खरंच बोला. त्यानंतर इतर वेळी आलेला प्रत्येक फोन तुमच्या बाजूचा पुरावा होतो.

मेव्हण्याचं प्रकरण मला सगळ्यात गंभीर वाटतं. रेफरन्स आणि जामीनदार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जामीनदारानं करारावर सही केलेली असते आणि भारतीय करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे त्याच्याकडे पैसे मागणं कायदेशीर आहे. रेफरन्स म्हणजे फक्त तुम्हाला ओळखणारा माणूस. त्याची कशावरही सही नसते आणि त्याच्यावर एका पैशाचीही जबाबदारी नसते. तुमचा पत्ता बदलला आणि तुम्ही सापडत नाही म्हणून 'त्यांच्याशी संपर्क कसा होईल' एवढं कुणी एकदा विचारलं, तर मी त्याला छळ म्हणणार नाही. पण किती कर्ज, किती थकलं हे त्याला सांगणं, 'तुम्ही भरा' किंवा 'त्यांना समजवा' म्हणणं, हे सरळ नियमभंग आहे. यामागचं गणित मला आतून माहीत आहे. तुमच्याकडे पैसे नाहीत हे एजंटला कळलेलं असतं. पण सासरच्या माणसांसमोर मान खाली जाऊ नये म्हणून तुम्ही कुठूनतरी उसने आणाल, हेही त्याला माहीत असतं. मागणी कर्जदाराकडून सरकून त्याच्या अब्रूवर गेली, की समजावं, वसुली संपली आणि छळ सुरू झाला. तुमच्या मेव्हण्यानं स्वतः लिहिलेला चार ओळींचा ईमेल, कुठल्या नंबरवरून, कधी, काय बोलले याचा, हा तुमच्या तक्रारीतला सगळ्यात वजनदार कागद ठरेल.

एक प्रकरण सांगतो, तपशील ओळख पटणार नाही एवढे बदलून. एका शिक्षिकेनं दोन लाख रुपये 36 महिन्यांसाठी 18 टक्क्यांनी घेतले होते. हप्ता सुमारे 7,230 रुपये. घरातल्या आजारपणात पाच हप्ते चुकले, म्हणजे थकबाकी 36,150 रुपये आणि त्यावरचे दंड. एजंट तिला 'आजच्या आज' एक लाख नव्वद हजार मागत होता आणि एकदा शाळेच्या फाटकावर येऊन मुख्याध्यापकांना भेटवा म्हणाला. ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्याकडे कागद म्हणून काहीच नव्हतं, फक्त भीती होती. आम्ही आधी बँकेकडून कर्जखात्याचा उतारा मागवला. बँकेनं संपूर्ण कर्ज परत मागणारी नोटीसच काढलेली नव्हती, त्यामुळे त्या दिवशी देय होती ती फक्त थकबाकी. दंडावर पुन्हा व्याज चढवलं होतं, जे रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार चालत नाही. दंड हा आकार म्हणूनच लावायचा, व्याजदरात मिसळायचा नाही आणि त्यावर व्याज लावायचं नाही. ती रक्कम बँकेनं नंतर वजा केली.

मग सहा दिवस तिनं एका वहीत नोंद ठेवली: तारीख, वेळ, नंबर, बोलणाऱ्याचं नाव, नेमके शब्द. सहा दिवसांत 41 फोन निघाले, त्यातले नऊ संध्याकाळी 7 नंतरचे. चार संभाषणं तिनं रेकॉर्ड केली. आपण स्वतः बोलत असलेला फोन रेकॉर्ड करून पुरावा म्हणून वापरता येतो, फक्त मूळ फोन आणि मूळ फाइल जपून ठेवावी लागते, कारण कोर्टात गेल्यास भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. घरी आलेल्या माणसाला तिनं तीन गोष्टी मागितल्या: ओळखपत्र, बँकेनं दिलेलं अधिकारपत्र आणि या एजन्सीची नेमणूक कळवणाऱ्या नोटिशीची प्रत. 2008 पासूनच्या नियमाप्रमाणे हे तिन्ही कागद एजंटकडे असायलाच हवेत. त्याच्याकडे फक्त ओळखपत्र होतं, तेही मुदत संपलेलं. तिनं त्याचा फोटो काढला आणि तो माणूस निघून गेला.

यानंतरचं पाऊल फार कमी लोकांना ठाऊक असतं. त्याच 2008 च्या सूचनांमध्ये म्हटलं आहे की कर्जदाराची तक्रार प्रलंबित असेल तर तिचा अंतिम निकाल लागेपर्यंत बँकेनं ते प्रकरण वसुली एजन्सीकडे पाठवू नये. अपवाद एकच, कर्जदार वारंवार खोडसाळ तक्रारी करतो आहे अशी पुराव्यानिशी बँकेची खात्री झाली असेल तर. म्हणजे फोनवर एजंटशी हुज्जत घालण्यानं जे साधत नाही, ते एका लेखी तक्रारीनं साधतं. पण ती ठोस हवी. आम्ही बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आणि प्रिन्सिपल नोडल ऑफिसरला ईमेल केला. मजकूर साधारण असा होता:

'माझ्या कर्जखात्यात पाच हप्ते थकले आहेत हे मला मान्य आहे आणि ते फेडण्याची माझी इच्छा आहे. मात्र आपल्या एजन्सीच्या प्रतिनिधीनं सोबत जोडलेल्या यादीप्रमाणे सहा दिवसांत 41 फोन केले, त्यांपैकी नऊ संध्याकाळी 7 नंतर. अमुक तारखेला माझ्या कामाच्या ठिकाणी येऊन त्रयस्थांसमोर कर्जाचा उल्लेख केला. अधिकारपत्र दाखवलं नाही. या तक्रारीचा निकाल लागेपर्यंत प्रकरण एजन्सीकडून काढून घ्यावं आणि माझ्याशी बँकेच्या अधिकाऱ्यानं थेट संपर्क साधावा. दरमहा 9,500 रुपये भरून थकबाकी नियमित करण्याचा माझा प्रस्ताव आहे. पहिली रक्कम आज कर्जखात्यात भरली आहे.'

शेवटच्या दोन वाक्यांमुळे ही तक्रार पैसे टाळण्यासाठी आहे असं म्हणायला बँकेला जागा उरली नाही. तुम्हीही पगार कमी असला तरी जमेल तेवढी रक्कम भरूनच पत्र पाठवा. देणं मान्य करण्याचा एक कायदेशीर परिणाम असतो, तोही सांगून ठेवतो: लेखी कबुली दिली किंवा काही रक्कम भरली की दाव्यासाठीची तीन वर्षांची मुदत नव्यानं सुरू होते. तुमचं कर्ज ताजं असल्यानं त्यानं काही बिघडत नाही. सात-आठ वर्षांपूर्वीचं विसरलेलं कर्ज कुणी अचानक मागायला आलं, तर मात्र एक रुपया भरण्याआधी वकिलाला कागद दाखवावेत.

शिक्षिकेच्या प्रकरणात सतराव्या दिवशी बँकेचं उत्तर आलं आणि एजन्सीचे फोन थांबले. तुमच्या बाबतीत 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, मदतीसाठी 14448 हा नंबर आहे, आणि यासाठी शुल्क नाही. आधी बँकेकडे तक्रार न करता थेट तिथे गेलात तर ती परत येते, म्हणून पहिल्या ईमेलची पोच जपा. 'ते आमचे कर्मचारी नाहीत, एजन्सीचे आहेत' हे उत्तर बँकेनं दिलं तर ते मान्य करू नका. एजंटच्या कृत्याची जबाबदारी बँकेचीच आहे, हे रिझर्व्ह बँकेनं वारंवार सांगितलं आहे आणि सर्वोच्च न्यायालयानंही 2007 मध्ये, गुंडांकरवी वसुली चालणार नाही, असं बँकांना बजावलं आहे. सप्टेंबर 2022 मध्ये झारखंडमधल्या हजारीबागला वसुलीसाठी ट्रॅक्टर ओढून नेताना एका गर्भवती तरुणीचा त्याखाली जीव गेला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेनं त्या वित्तसंस्थेला बाहेरच्या एजंटांकडून वसुली करायलाच बंदी घातली होती. वरच्या पातळीवर या तक्रारींची किती धास्ती असते, ते यावरून कळेल.

लोकपाल हा सेवेतल्या दोषासाठी आहे. मारहाण, मारण्याची किंवा बदनामीची धमकी, घरात घुसणं, स्त्रियांशी अश्लील बोलणं असं काही घडलं तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. धमकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 351 लागतं. 'हा पैशांचा मामला आहे, आपसात मिटवा' असं सांगून परत पाठवलं जातं, तेव्हा शांतपणे सांगा की कर्जाबद्दल तुमचं काही म्हणणं नाही, तक्रार धमकीची आहे. तक्रारीतही कर्जाची कहाणी दोन ओळींत संपवा आणि धमकीचे शब्द जसेच्या तसे लिहा.

गाडी किंवा घर तारण असलेल्या वाचकांनी वरचं 'सामान उचलता येत नाही' हे वाक्य स्वतःला लावून घेऊ नये. गृहकर्जात सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस देऊन बँक कोर्टाच्या हुकूमनाम्याशिवाय ताबा घेऊ शकते, आणि गाडीच्या करारात ताब्याचं कलम बहुधा असतंच, मात्र त्यातही नोटीस द्यावी लागते आणि बळजबरी चालत नाही. ॲपवरून घेतलेल्या कर्जात एजंट संपर्क साधण्याआधी त्याचं नाव कर्जदात्यानं तुम्हाला मेसेज किंवा ईमेलनं कळवायचं असतं, आणि ॲपला तुमच्या संपर्कयादीत किंवा फोटोंमध्ये शिरण्याची मुभा नाही. फोटोत फेरफार करून पाठवण्याच्या धमक्या येत असतील तर cybercrime.gov.in वर तक्रार करा.

पैसे भरताना एजंटच्या नावावरच्या यूपीआय क्रमांकावर काहीही पाठवू नका, तो कितीही गोड बोलला तरी. भरणा फक्त कर्जखात्यात करा, आणि रोख देण्याची वेळ आलीच तर बँकेची छापील पावती हातात आल्यावरच. 'साठ हजारांत मिटवून टाकतो' अशी तडजोड पुढे आली, तर बँकेच्या लेटरहेडवर रक्कम, तारखा आणि उरलेलं कर्ज माफ झाल्याचा स्पष्ट उल्लेख असलेलं पत्र आधी मागा, आणि त्यातली रक्कम भरल्यावर ना-देय दाखला घ्या. अशा तडजोडीची नोंद क्रेडिट अहवालात 'सेटल्ड' अशी राहते आणि पुढचं कर्ज अवघड होतं. तुम्हाला आता पगार सुरू झाला आहे, त्यामुळे माझा सल्ला तडजोडीऐवजी मुदत वाढवून हप्ता कमी करून घेण्याचा आहे. त्यासाठी नव्या नोकरीचं नियुक्तीपत्र आणि दोन पगारपत्रकं घेऊन, ईमेल पाठवल्यानंतरच्या आठवड्यात स्वतः शाखेत जा.